भाड्याच्या घरातील तालीम

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची ही संहिता.)



संयोजकांनी मला आग्रहाने बोलावले, तेव्हा मी त्यांना आधीच स्पष्ट केले होते, की मी वैद्य नाही आणि वस्तादही नाही. बत्तीस वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत खुर्चीला चिकटून बसलेला मी एक पत्रकार. त्यामुळे जे बोलणार आहे ते स्वतःच्या अंगावर करून पाहिलेले आहे, इतकाच माझा अधिकार.

प्रारंभ एका लाजिरवाण्या प्रसंगापासून करतो. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आम्ही एका भाड्याच्या घरात राहावयास गेलो. एक खोली, स्वयंपाकघर आणि बेतास बात बैठकीची जागा. त्या घरातल्या पहिल्याच महिन्यात माझी आई रात्री पलंगाजवळ घसरून खाली बसली. दुखापत नव्हती, ती हसत होती. वजन अठ्ठेचाळीस किलो. मी तिच्या काखेत हात घालून उचलू लागलो, आणि मला उचलता येईना. पाठ वाकली, मांड्या थरथरल्या, हात घसरले. शेवटी शेजारच्या तरुणाला हाक मारावी लागली. त्याच दिवशी सकाळी मी पंचवीस सूर्यनमस्कार घातले होते आणि स्वतःला धडधाकट समजत होतो.

या कोड्याचा उलगडा करताना मला आमच्या गावच्या तालमीची आठवण झाली. तालमीतून आम्ही घरी काय आणले? जोर आणि बैठका. जागा लागत नाही, साधन लागत नाही, म्हणून तेवढे आणले. परंतु तालमीत याखेरीज आणखी बरेच काही चाले. पहिलवान हौद्यातली लाल माती फावड्याने खणून काढीत, दोर चढत, मल्लखांबाला लपेटत, आणि कुस्तीत तर समोरच्याला सतत ओढत असत. म्हणजे ढकलण्याची ताकद जोरांतून आणि ओढण्याची ताकद या साऱ्यातून येई. घरी येताना आपण ओढणे तालमीतच विसरून आलो. पाठीचे, काखेमागचे आणि दंडाच्या पुढच्या बाजूचे स्नायू मग कोण राबवणार? आईला उचलताना नेमके तेच कामास आले नाहीत.

दुसरी चूक मोजणीची. शंभर बैठका घालणारा माणूस दमदार असतो यात शंका नाही. पण एखादी हालचाल एका दमात पंचवीस-तीस वेळा करता येऊ लागली, की पुढे वाढतो तो प्रामुख्याने दम. ताकद वाढवायची, तर हालचाल इतकी अवघड हवी की पाच ते बारा आवृत्त्यांतच स्नायू थकावेत. व्यायामशाळेत यासाठी वजन वाढवतात. भाड्याच्या घरात वजने आणणे म्हणजे लादी फुटण्याची भीती, खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार आणि अकरा महिन्यांनी सामान हलवताना पुन्हा तीच ओझी. मग वजन आणायचे कोठून?

ते आपल्याच शरीरात आहे, आणि ते कमीअधिक करण्याची किल्ली उंचीत आहे. तुमच्या घरी वजनकाटा असेल तर आजच करून पाहा. काटा जमिनीवर ठेवा, दोन्ही तळवे त्यावर टेकवा आणि जोर काढताना सुरुवातीला असते तशी, हात ताठ ठेवून, सरळ फळीसारखी स्थिती घ्या. काटा शरीराच्या वजनाच्या सुमारे चौसष्ट टक्के भार दाखवील. माझे वजन सत्तर किलो, म्हणजे हातांवर पंचेचाळीस किलोच्या आसपास. गुडघे टेकले तर तो निम्म्यावर, चौतीस किलोवर येतो. पाय जमिनीवर आणि हात साठ सेंटीमीटर उंच वस्तूवर ठेवले तर अवघा एकेचाळीस टक्के, म्हणजे एकोणतीस किलो. उलट पाय तीस सेंटीमीटर उंच ठेवले तर सत्तर टक्के, म्हणजे एकोणपन्नास किलो. एका खोलीत, एकही साधन न आणता, एकोणतीसपासून एकोणपन्नास किलोपर्यंतची वजने मांडून ठेवलेली आहेत! फक्त ती ओटा, मेज, खुर्ची, चौरंग आणि पाट या नावांनी आपल्या ओळखीची आहेत.

ढकलण्याचा क्रम त्यावरूनच ठरतो. सर्वांत वर स्वयंपाकाचा ओटा, त्याखाली जेवणाचे मेज, मग भिंतीला टेकवलेली लाकडी खुर्ची, मग चौरंग, मग पाट, मग जमीन. आणि त्यानंतर हात जमिनीवर व पाय पाटावर, पुढे चौरंगावर. प्लास्टिकची खुर्ची यात नको, ती सटकते. गुडघे टेकण्यापेक्षा हात उंच ठेवणे मला अधिक पसंत आहे, कारण त्यात टाचेपासून मानेपर्यंतची सरळ रेषा पहिल्या दिवसापासून सांभाळावी लागते आणि पुढची पायरी गाठताना काही नव्याने शिकावे लागत नाही.

जमीन जिंकल्यावर एक नामी युक्ती आहे. एका तळव्याखाली कोरडे फडके ठेवा आणि खाली जाताना तो हात लादीवरून बाजूला सरकू द्या. भार आपोआप दुसऱ्या हातावर जातो. वर येताना फडके परत ओढून आणा. जे कधी एका हाताने जोर काढण्याचे स्वप्न पाहत असतील, त्यांचा रस्ता येथूनच जातो. मी त्या रस्त्यावर अजून चार पावलेच टाकली आहेत.

यात मी स्वतःला कसा फसवत होतो, तेही सांगतो. मला वाटे, आपल्याला पंचवीस जोर येतात. एके दिवशी छातीखाली घडी घातलेला पंचा ठेवला, तीन आकडे मोजत खाली जाऊन छाती पंचाला टेकवायची आणि मगच उठायचे, असा नियम केला. चार झाले. पाचव्याला कंबर लोंबली. उरलेले एकवीस जोर मी मान पुढे काढून आणि अर्ध्यातून परत फिरून काढत होतो, हे उघड झाले. तेव्हा पंचा हाच पंच! कोपर शरीरापासून काटकोनात बाहेर गेले तर खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. ते बरगड्यांकडे अर्धवट झुकलेले असावेत. कंबर लोंबली की ती आवृत्ती मोजायची नाही. मी मुकाट्याने जमिनीवरून उठून खुर्चीवर आलो. जमिनीवर परतायला मला चार महिने लागले.

आता ओढण्याकडे वळतो. भाड्याच्या घराची खरी अडचण येथे आहे. ढकलायला जमीन पुरते, बसायला-उठायला पाय पुरतात. ओढायला मात्र काहीतरी पकडावे लागते, आणि भिंतीला भोक पाडले तर घरमालक अनामत रकमेतून वळते करून घेणार. चौकटीत फिरवून आवळण्याचे दांडे बाजारात मिळतात. ते अतिशय घट्ट आवळले तर सनमायका चढवलेली चौकट चेपते आणि कमी आवळले तर आपणच खाली येतो. खिडकीची जाळी तर विचारातसुद्धा घेऊ नका. ती चार स्क्रूंवर उभी असते, माणसाच्या ओढीसाठी बसवलेली नसते आणि तिच्यापलीकडे तिसरा मजला असतो.

पहिली सुरक्षित पायरी जुन्या सुती चादरीची. चादरीची लांब वळी करून तिच्या मधोमध मोठी गाठ मारायची. गाठ दाराच्या पलीकडे टाकून, दोन्ही टोके आपल्याकडे घेऊन, दार पूर्ण बंद करून कडी घालायची. कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे येथे महत्त्वाचे आहे. दार ज्या बाजूने ढकलून उघडते, त्या बाजूला उभे राहावे. म्हणजे आपण ओढतो तेव्हा दार चौकटीच्या खाचेत अधिकच घट्ट बसते. उलट्या बाजूला उभे राहिलात, तर तुमचा सारा भार एकट्या कडीवर येईल. दार भक्कम लाकडी असावे. न्हाणीघराचे प्लास्टिकचे दार चालणार नाही. आणि घरातल्यांना सांगून ठेवावे, नाहीतर पलीकडून कुणीतरी दार उघडते. आमच्याकडे एकदा सौभाग्यवतींनी कडी काढली आणि मी जमिनीवर बसलो. दोष अर्थातच माझा होता, असा निवाडा झाला.

टोके धरून, पाय दाराजवळ ठेवून मागे झुकायचे आणि छाती हातांकडे ओढायची. पाय दारापासून जितके दूर, तितके सोपे. जितके जवळ, तितके शरीर आडवे आणि काम अवघड. प्रत्येक आठवड्याला पाऊल चार बोटे पुढे सरकवले, की तीच आपली वजनाची चकती. ओढण्याआधी खांदे कानांपासून खाली आणि पाठीमागे नेण्याची सवय लावावी. खांदे कानाशी येत असतील तर पाठ नव्हे, मान ओढते आहे, असे समजावे.

दुसरी पायरी मेजाची. मेजाखाली उताणे झोपून, डोके बाहेर ठेवून, दोन्ही हातांनी कड धरायची आणि छाती कडेला लावायची. आधी गुडघे वाकवून तळपाय टेकलेले, पुढे पाय सरळ, त्यापुढे टाचा पाटावर. येथे एक सावधगिरी आहे. मेजाचे चार पाय चार कोपऱ्यांत असले पाहिजेत. मधल्या एकाच खांबावर उभे असलेले, किंवा ज्याची फळी पायांच्या बरीच बाहेर आलेली आहे, असे मेज आपल्या भाराने कलंडते. काचेचे मेज वर्ज्यच. पहिल्या दिवशी अर्ध्याच ताकदीने ओढून पलीकडची बाजू उचलली जाते का ते पाहावे.

ज्यांच्याकडे असे मेज नाही, त्यांनी लादीचा उपयोग करावा. छातीपासून ओटीपोटापर्यंत खाली जाड फडके किंवा जुना टॉवेल अंथरून पालथे झोपा, हात डोक्यापुढे लांब करून तळवे लादीवर रोवा आणि शरीर पुढे ओढा, घसरत घसरत. अडीच मीटर लांबीच्या जागेत तीन-चार ओढी होतात. दिसायला हास्यास्पद आहे. दुसऱ्या दिवशी काखेमागचे स्नायू जे बोलतात ते हास्यास्पद नसते.

मात्र घरात राहून ओढण्याचा डोंगर पूर्ण चढता येत नाही, ही मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. डोक्यावरून खाली ओढण्यासाठी दांडाच हवा. तो आता अनेक उद्यानांत असतो. आठवड्यातून एकदा तेथे जावे. लटकता येत असेल पण वर उठता येत नसेल, तर उंचवट्यावर उभे राहून हनुवटी दांड्याच्या वर न्यावी आणि तेथून पाच आकडे मोजत सावकाश खाली यावे. स्नायू उचलण्यापेक्षा उतरवताना अधिक भार पेलतो, म्हणून हा मार्ग चालतो. अशा तीन ते पाच उतरणी पुरेत. उतरणी दहा आकड्यांच्या झाल्या, की पहिली चढण दूर नसते.

पायांसंबंधी थोडे वेगळे सांगायचे आहे. दोन पायांवरची बैठक लवकरच सोपी होते, कारण आयुष्यभर पायांनीच आपल्याला वाहिले आहे. तेव्हा भार दुप्पट करण्याचा सरळ उपाय म्हणजे एक पाय काढून घेणे. पण एकदम एका पायावर पूर्ण बैठक घालू गेलात तर गुडघा दुखावेल किंवा आपटी बसेल. येथे माझ्या व्यवसायाने मला हात दिला. घरात रद्दीला तोटा नव्हता.

लाकडी खुर्चीची बैठक साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर उंच असते. तिच्यावर रद्दीचा पंधरा सेंटीमीटरचा घट्ट बांधलेला गठ्ठा ठेवला, म्हणजे उंची साठ झाली. खुर्ची भिंतीला टेकवलेली. एक पाय पुढे उचलून, दुसऱ्यावर सावकाश खाली जायचे, गठ्ठ्याला हलके टेकायचे, अंग सोडून द्यायचे नाही, आणि त्याच पायावर उठायचे. दोन्ही पायांनी आठ-आठ स्वच्छ झाले, की गठ्ठ्यातून दोन सेंटीमीटर रद्दी काढायची. एवढी बारीक चढण कोणत्याही व्यायामशाळेत मिळणार नाही. गठ्ठा संपला की खुर्ची. खुर्ची संपली की चौरंगावर पुन्हा गठ्ठा. धप्पकन आदळून बसलात, तर ती उंची तुमची अद्याप झालेली नाही. गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे वळत असेल तर पुन्हा चार सेंटीमीटर वर जा. टाच उचलली जात असेल तर तिच्याखाली पातळ फळी ठेवा आणि घोट्याची लवचिकता वेगळी वाढवा. मांडीच्या मागच्या बाजूसाठी पुन्हा आपले फडके: उताणे झोपून टाचा फडक्यावर, कंबर उचललेली, आणि टाचा सावकाश दूर सरकवून परत ओढायच्या. सुरुवातीला फक्त दूर सरकवणेच जमते, तेवढे पुरे.

आता हे सारे आठवड्यात कसे बसवावे? मी तीन दिवस ठेवले, एक दिवसाआड. एक फेरी ढकलण्याची, दीड मिनिट थांबून एक ओढण्याची, मग पायांची. अशा तीन फेऱ्या. अर्ध्या तासात आटोपते आणि सहा फूट बाय तीन फूट चटईपलीकडे जागा लागत नाही. उड्या नाहीत, म्हणून खालच्यांची झोपमोडही नाही. नव्या पायरीवर पाच आवृत्त्यांनी आरंभ करायचा. तिन्ही फेऱ्यांत बारा झाल्या आणि तरीही आणखी दोन निघाल्या असत्या असे वाटले, की पुढची पायरी, पुन्हा पाचपासून. श्वास कोंडू नये. जोर लावताना सोडावा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

माझ्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारातील हिशेब असा. ढकलण्यात खुर्चीवरून निघालो तो चौथ्या महिन्याअखेर पंचाला छाती टेकवून जमिनीवर आठ-आठच्या तीन फेऱ्यांवर आलो. ओढण्यात दोन महिने चादर, मग मेज. येथे माझा उतावळेपणा नडला. मेजाखाली गुडघे वाकवून पाचाचे दहा झाले म्हणून मी रोजच ओढू लागलो, आणि पाचव्या महिन्यात कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाशी, बारीक कळ येऊ लागली. पिशवी उचलताना येई, दाराची मूठ फिरवताना येई. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. त्याला हाडाशी जोडणारी दोरी फार संथपणे बळावते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी स्नायूच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखा येणारा ठणका वेगळा. तो दोन-तीन दिवसांत जातो. सांध्यापाशी एका बोटाने दाखवता येणारी कळ ही थांबण्याची खूण. मी तीन आठवडे ओढणे बंद ठेवले, मग पुन्हा चादरीवर आलो, आणि मेज सातव्या महिन्यात परत धरले. नवव्या महिन्यात उद्यानातल्या उतरणी सुरू केल्या. अकराव्यात हनुवटी एकदा, फक्त एकदा, दांड्याच्या वर गेली. तेथे खेळणाऱ्या मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. पायांत उजवा पाय साठ सेंटीमीटरवरून छत्तिसावर आला. डावा बेचाळिसावर अडला, आणि आजही तो उजव्याच्या मागेच आहे.

आई त्यानंतर आणखी एकदा घसरली, त्याच घरात, दहाव्या महिन्यात. आधी मी तिला काही वेळ तसेच बसू दिले, कंबर दुखते का, पाय हलतो का ते विचारले. वृद्ध माणसाला पडल्यापडल्या ओढून उठवू नये, हे मला मधल्या काळात एका डॉक्टरांनी बजावले होते. मग तिच्या मागे गेलो, एक गुडघा टेकला, काखेखालून हात घालून तिला छातीशी घट्ट ओढले आणि टेकलेल्या पायावरून उठलो. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, “आज शेजारच्याला नाही बोलावलंस?”

करार संपला, तेव्हा घरमालकांनी भिंती तपासल्या. एकही भोक नव्हते. दाराच्या वरच्या कडेला चादरीने रंग थोडा घासला गेला होता; तेथे नंतर मी दुमडलेला पुठ्ठा लावू लागलो, तसा तुम्ही पहिल्याच दिवसापासून लावा. नव्या घरात मेज मधल्या खांबाचे निघाले, म्हणून सध्या लादीवरून घसरतो आहे. रद्दीचे गठ्ठे मात्र बरोबर आणले. डाव्या पायाचा चाळीस सेंटीमीटरचा आहे, आणि तो या महिन्यात अडतिसाचा होतो का, ते पाहायचे आहे.